घड्याळाची पट्टी वाचताना

चावीच्या घड्याळाची तब्येत तीन आकड्यांवरून कळते. ते दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाते हा पहिला आकडा. आतले बॅलन्स चाक एका झोक्यात मधल्या जागेपासून किती अंश फिरते हा दुसरा, त्याला अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणतात. टिक आणि टॉक या दोन ठोक्यांच्या वेळांत किती फरक पडतो हा तिसरा, म्हणजे बीट एरर. टाइमग्राफर हे यंत्र घड्याळ न उघडता, नुसता त्याचा आवाज ऐकून हे तिन्ही आकडे काढते आणि कागदाच्या पट्टीवर किंवा पडद्यावर मांडते. गिऱ्हाईक विचारते ते फक्त पहिल्या आकड्याबद्दल: घड्याळ पुढे जाते की मागे. घड्याळाची प्रकृती जाणणाऱ्याने मात्र हा आकडा सर्वांत शेवटी वाचायचा असतो. आधी अ‍ॅम्प्लिट्यूड, मग बीट एरर आणि त्यानंतर सेकंद. हा क्रम उलटला की दुरुस्तीही चुकते, आणि ती चूक महिना-दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या मनगटावर दिसते.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत अशा तपासणीला येणारे सर्वांत नेहमीचे घड्याळ म्हणजे एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. पुढची दोन-तीन दशके ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’ ही नावे शिक्षकांच्या, एसटी कर्मचाऱ्यांच्या आणि पाटबंधारे खात्यातल्या माणसांच्या मनगटावर होती. लग्नात जावयाला आणि निवृत्तीला गुरुजींना हेच घड्याळ मिळे. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. नवा माल थांबला, पण कपाटातली घड्याळे थांबली नाहीत. आसनगाव, खर्डी, सरळगाव, टोकावडे अशा गावांतल्या घरांत आजोबांचे घड्याळ नातवाच्या हाती येते, ते चालू करून बघितले जाते आणि ते रोज मिनिटभर पुढे पळते आहे असे लक्षात येते. त्यात सह्याद्रीच्या पायथ्याचा जून ते सप्टेंबरचा ओलावा आहे, उन्हाळ्यात वीटभट्ट्यांची धूळ आहे आणि शेतात काम करणाऱ्या हाताचा घाम आहे. काच किंवा मागचे झाकण जरा सैल असले तरी या तिन्ही गोष्टी आत शिरतात. म्हणून हेच घड्याळ पट्टी वाचायला शिकण्यासाठी उत्तम. त्याची रचना साधी आहे आणि त्यातल्या बिघाडांची कारणे नेहमीच्या ओळखीची आहेत.

एका ठोक्यात काय ऐकू येते

कानाला ‘टिक’ हा एकच आवाज वाटतो. मायक्रोफोनला त्यात तीन आवाज ऐकू येतात. बॅलन्स चाकाखालची लहानशी माणिकखड्याची पिन लिव्हरच्या खाचेत आपटते, तो पहिला. लिव्हरचा खडा सुटून एस्केप चाकाचा दात त्यावरून घसरतो आणि चाकाला ढकल देतो, तो दुसरा. लिव्हर पलीकडे जाऊन थांबते आणि पुढचा दात दुसऱ्या खड्यावर येऊन अडकतो, तो तिसरा आणि सर्वांत मोठा. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते.

एचएमटीच्या चावीच्या मशीनमध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच आणि दोन ठोक्यांमध्ये २०० मिलिसेकंद. सेइको ५ च्या ७००९ किंवा ७एस२६ मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके पडतात, आणि पुष्कळ स्विस ऑटोमॅटिक घड्याळांमध्ये २८,८००. टाइमग्राफर हा आकडा बहुधा स्वतःच ओळखतो. तरी पहिल्यांदा पट्टीच्या डोक्यावर नजर टाकून तो बरोबर आहे ना हे पाहावे. घड्याळ फारच अशक्त असले किंवा आवाज गोंधळाचा असला, तर यंत्र भलताच आकडा धरते. मग त्याखालचे सगळेच आकडे निरर्थक होतात.

पट्टीवर दर ठोक्याला एक ठिपका पडतो. टिकचे ठिपके एका रेषेत आणि टॉकचे दुसऱ्या रेषेत, अशा दोन रेषा तयार होतात. घड्याळ अगदी बरोबर चालत असेल तर त्या सरळ जातात. पुढे जात असेल तर एका बाजूला झुकतात, मागे पडत असेल तर दुसऱ्या. आजच्या पडदा असलेल्या यंत्रांवर पुढे जाणाऱ्या घड्याळाची रेषा वर चढते. दोन रेषांमधले अंतर म्हणजे बीट एरर. स्वित्झर्लंडच्या व्हायब्रोग्राफसारखी जुनी कागदी यंत्रे प्रामुख्याने हेच दाखवत: रेषांचा कल आणि त्यांमधले अंतर. कारागीर बाकीचे अनुभवाने ताडत असे. आता आकडे छापून मिळतात, तरी रेषा पाहण्याची सवय सोडू नये. आकडा ही काही सेकंदांची सरासरी असते. त्या काही सेकंदांत काय घडले ते रेषेत दिसते.

अंश कसे मोजले जातात

अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा यंत्र थेट मोजत नाही. ते पहिल्या आवाजापासून तिसऱ्या आवाजापर्यंतचा वेळ मोजते आणि त्यावरून चाकाचा वेग काढते. चाक जितके लांब झोके घेत असेल, तितके ते मधल्या जागेवरून वेगाने जाते आणि तितका हा वेळ कमी लागतो. लिव्हरच्या संपर्कात असताना चाक जेवढे अंश फिरते त्याला लिफ्ट अँगल म्हणतात. तो यंत्राला आधी सांगावा लागतो. हिशेब असा:

A = 3600 × λ ÷ (π × n × t)

येथे λ म्हणजे लिफ्ट अँगल, n म्हणजे तासाचे ठोके आणि t म्हणजे पहिल्या व तिसऱ्या आवाजामधला वेळ, सेकंदांत. लिफ्ट अँगल ५२ अंश आणि ठोके १८,००० धरले, तर १२.३ मिलिसेकंदांना सुमारे २६९ अंश येतात. तोच वेळ १६.५ मिलिसेकंद झाला की आकडा २०० वर उतरतो. चार मिलिसेकंदांच्या फरकात निरोगी घड्याळ आजारी ठरते. मायक्रोफोनवर घड्याळ नीट बसवणे एवढे महत्त्वाचे का, ते यावरून ध्यानात येईल.

बहुतेक यंत्रांत लिफ्ट अँगल ५२ अंशांवर ठेवलेला असतो आणि पुष्कळ लोक तो तसाच राहू देतात. मशीनचा खरा कोन ४९ असेल, तर ५२ वर ठेवलेले यंत्र २७० दाखवते तेव्हा चाक खरे तर २५४ अंशच फिरत असते. जुन्या मशीनचा कोन छापील कोष्टकात सापडला नाही, तर तो दुकानातच काढता येतो. मागचे झाकण उघडायचे, बॅलन्सच्या एका आरीवर शाईचा बारीक ठिपका द्यायचा आणि मेनस्प्रिंग थोडी थोडी सोडवत अ‍ॅम्प्लिट्यूड खाली आणायचा. चाक बरोबर १८० अंश फिरू लागले की दोन्ही बाजूंच्या झोक्याच्या टोकाला ठिपका एकाच जागी थांबतो. भिंगातून पाहताना तो तेथे क्षणभर स्थिर दिसतो, बाकी सगळीकडे नुसती धूसर रेघ असते. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले तर हे आणखी सहज दिसते. आता यंत्रावरही १८० येईपर्यंत लिफ्ट अँगल कमी-जास्त करायचा. जो आकडा येईल तो त्या मशीनचा. तो वहीत लिहून ठेवला की त्या जातीच्या पुढच्या घड्याळांना उपयोगी पडतो. काम पाच-दहा मिनिटांचे आहे आणि प्रत्येक दुकानात एकदा तरी करून पाहावे असे आहे.

चांगले घड्याळ पूर्ण चावी देऊन डायल वर करून ठेवले, तर अ‍ॅम्प्लिट्यूड साधारण २७० ते ३१० अंश असतो. उभे केल्यावर तो २० ते ४० अंशांनी उतरतो, कारण तेव्हा चाकाच्या दोन्ही टोकांचे पिव्हट खड्यांच्या कडांवर घासतात. आडवे असताना सगळा भार एकाच टोकावर असतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या एचएमटीकडून ३०० ची अपेक्षा करू नये. साफसफाईनंतर २५० ते २८० मिळाले तर मशीन उत्तम आहे. पूर्ण चावीवर २२० च्या खाली असेल तर तेल वाळले आहे, घाण आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. २०० च्या खालच्या घड्याळाच्या रेग्युलेटरला हातही लावू नये.

आकडा जास्त असला म्हणजे घड्याळ चांगले, असेही नाही. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी हाताशी असलेली जाड स्प्रिंग बसवली जाते. मग चाक ३३० अंशांपलीकडे जाते, पिन पूर्ण फेरी मारून लिव्हरच्या शिंगावर बाहेरून आपटते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागते. आवाज दुडक्या चालीचा येतो आणि पट्टीवर रेषा तुटून वर उडते. चावी दिल्यावर पहिले काही तास घड्याळ पळते आणि रात्रीपर्यंत सुधारते, ही तक्रार आली की हाच दोष आधी आठवावा.

टिक आणि टॉक

बॅलन्स चाकाला हेअरस्प्रिंग ज्या जागी शांत उभे करते, ती जागा आणि लिव्हरची मधली जागा एक असायला हवी. त्यात थोडासाही कोन पडला की चाक एका बाजूचा झोका लांब आणि दुसऱ्या बाजूचा आखूड घेते. टिकनंतरचा वेळ २०३ आणि टॉकनंतरचा १९७ मिलिसेकंद असेल, तर फरक ६ होतो. यंत्र त्याचे अर्धे, म्हणजे ३.०, बीट एरर म्हणून दाखवते. जुन्या घड्याळात तो एक मिलिसेकंदाच्या आत असला की समाधान मानावे. अर्ध्याच्या आत आला तर काम सुरेख झाले.

बीट एररमुळे घड्याळ पुढे-मागे जाते असा समज आहे. तसा थेट परिणाम फारसा होत नाही. खरा त्रास सुरू होण्याच्या वेळी होतो. संपलेल्या घड्याळाला चावी दिली तरी ते चालत नाही, हातात हलवावे लागते. चाक मध्यावर शांत नसल्याने हलकी ढकल त्याला पुरत नाही. शिवाय हा आकडा एकटा वाचता येत नाही. तो मिलिसेकंदांत आहे आणि दोष अंशांत असतो. १८,००० ठोक्यांच्या घड्याळात चाक २७० अंश फिरत असेल, तर एक मिलिसेकंद म्हणजे मध्यापासून सुमारे दोन अंश सरकलेली जागा. तेच चाक १३५ अंश फिरू लागले की तीच जागा दोन मिलिसेकंदांची दिसते. हेअरस्प्रिंग कुठेही हलली नाही, अ‍ॅम्प्लिट्यूड पडला म्हणून बीट एरर वाढला. दुबळ्या घड्याळाचा बीट एरर काढायला बसणे म्हणून व्यर्थ जाते.

ज्या मशीनमध्ये हेअरस्प्रिंगच्या बाहेरच्या टोकाचा स्टड हलवता येतो, तिथे हे काम सुईच्या टोकाने होते. जुन्या साध्या मशीनमध्ये तो पुलावर पक्का असतो. तेव्हा बॅलन्स काढून, स्टाफवरची हेअरस्प्रिंगची कोलेट पातळ पात्याने किंचित फिरवावी लागते. हात घसरला तर हेअरस्प्रिंग वाकते. मग दोन मिलिसेकंदांची सुधारणा दहा दिवसांची दुरुस्ती होते. दोन मिलिसेकंदांवर चालणाऱ्या आणि रोजच्या वापरातल्या घड्याळाला त्याच स्थितीत राहू देण्याचा निर्णयही शहाणपणाचा असू शकतो.

नमुन्याची एक पट्टी

वरच्या नियमांप्रमाणे १८,००० ठोक्यांच्या, १७ ज्युवेलच्या एचएमटी ‘जनता’वर काय दिसेल, ते एका बेतलेल्या उदाहरणावर क्रमाने पाहता येईल. घड्याळ बरीच वर्षे कपाटात पडून होते आणि आता चालते, पण रोज पुढे जाते, असे धरू. पूर्ण चावी दिली आणि स्थिरावण्यासाठी अर्धा तास थांबलो. मग डायल वर, डायल खाली, चावी वर आणि चावी खाली अशा चार स्थितींत प्रत्येकी मिनिटभर मोजले.

डायल वर: +३८ सेकंद, १९८ अंश, ३.४ मिलिसेकंद. डायल खाली: +३१ सेकंद, १९२ अंश, ३.५ मिलिसेकंद. चावी खाली: −१२ सेकंद, १६८ अंश, ४.० मिलिसेकंद. चावी वर: +७५ सेकंद, १६५ अंश, ४.१ मिलिसेकंद.

+३८ सेकंद म्हणजे प्रत्येक ठोका २०० मिलिसेकंदांऐवजी सुमारे ०.०९ मिलिसेकंदाने लवकर पडतो. घाई असलेला माणूस रेग्युलेटर मागे सरकवून डायल-वर स्थितीत आकडा शून्यावर आणेल. गिऱ्हाईकही खूश होईल. पण चाक १९८ अंशच फिरते आहे, आणि उभ्या दोन स्थितींमध्ये ८७ सेकंदांचा फरक आहे. हात खाली सोडून चालताना घड्याळ एक वेळ दाखवेल आणि रात्री टेबलावर दुसरी. रेग्युलेटर सगळ्या स्थिती सारख्याच सरकवतो, त्यांच्यातला फरक तो मिटवू शकत नाही.

बीट एररचे चार आकडे ३.४ पासून ४.१ पर्यंत आहेत. उभ्या स्थितीत बीट एरर बिघडला असे वरवर वाटते. अंशांत हिशेब केला, तर प्रत्येक स्थितीत सरकलेली जागा जवळपास ५.३ अंश येते. दोष एकच आहे, तो फक्त वेगवेगळ्या अ‍ॅम्प्लिट्यूडमधून दिसतो.

म्हणून या घड्याळाचे पहिले काम म्हणजे पूर्ण सर्व्हिसिंग: मशीन सुटे करणे, सगळे भाग धुणे, मेनस्प्रिंग तपासणे, पिव्हट आणि खडे भिंगाखाली पाहणे, जागच्या जागी योग्य तेल देणे. बॅलन्सच्या खड्यावरचे वाळलेले तेल भिंगातून पिवळसर कड्यासारखे दिसते. असल्या गोंदावर चाक फिरत असेल तर १९८ अंश हेच आश्चर्य. रेग्युलेटर आणि कोलेट यांना अजून हात लावलेला नाही.

जोडून, पूर्ण चावी देऊन पुन्हा मोजल्यावर डायल वर २६८ अंश आणि +२४ सेकंद येतात. उभ्या दोन्ही स्थिती २३८ अंशांच्या आसपास आहेत. चावी खाली +३० आणि चावी वर +९. बीट एरर डायल वर असताना ३.४ वरून २.५ वर आला, कोलेट न हलवता. आणि उभ्या स्थितींमधला फरक ८७ वरून २१ सेकंदांवर आला, तोही उलटून: आधी चावी वर असताना घड्याळ अधिक पुढे जात होते, आता चावी खाली असताना जाते.

ही उलटापालट गोंधळात टाकते, पण तिच्यामागे बॅलन्स चाकाची एक बाजू किंचित जड असण्याचे कारण आहे. जड बाजू खाली असेल तर कमी अ‍ॅम्प्लिट्यूडला ती घड्याळ पुढे ढकलते आणि जास्त अ‍ॅम्प्लिट्यूडला मागे खेचते. हे पालटण्याची जागा २२० अंशांजवळ आहे. तिथे वजनातल्या फरकाचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. आधी दोन्ही उभ्या स्थिती २२० च्या बऱ्याच खाली होत्या, आता त्या थोड्याच वर आहेत. म्हणून फरक लहान झाला आणि त्याची दिशा बदलली. साफसफाईआधी रिंगची कड खरवडून चाकाचे वजन सारखे करायला कोणी बसला असता, तर त्याने त्या वेळच्या अ‍ॅम्प्लिट्यूडला साजेशी दुरुस्ती केली असती, आणि ती पुढे चुकीची ठरली असती.

आता कोलेट किंचित फिरवून बीट एरर ०.४ वर आणावा, आणि अगदी शेवटी रेग्युलेटर. तो वीसएक सेकंद मागे सरकवला की डायल वर +४, डायल खाली +२, चावी खाली +१० आणि चावी वर −११ येतात. घड्याळ दिवसा मनगटावर आणि रात्री टेबलावर राहिले, तर हे आकडे एकमेकांना बरेचसे सांभाळून घेतात. दिवसाला पाच-सात सेकंदांच्या आत राहील. हे घड्याळ नवे असतानाही लोकांनी याहून जास्त मागितले नव्हते.

शेवटची चाचणी दुसऱ्या दिवशी. चोवीस तासांनी, पुन्हा चावी देण्याआधी, डायल वर करून मोजावे. २२५ अंश आले तर स्प्रिंग शेवटपर्यंत ताकद देते आहे. १८० आले तर पूर्ण चावीवरचे २६८ फसवे होते: स्प्रिंग थकली आहे किंवा गिअरांत कुठेतरी अडथळा राहिला आहे, आणि दर संध्याकाळी घड्याळाचा वेग बदलत जाईल.

रेषा काय सांगतात

काही दोष आकड्यांत दिसत नाहीत, रेषेत दिसतात. एस्केप चाकाला १५ दात असतात आणि प्रत्येक दात दोन ठोके देतो. १८,००० ठोक्यांच्या घड्याळात ते चाक सहा सेकंदांत एक फेरी पुरी करते. पट्टीवरची रेषा दर सहा सेकंदांनी तीच लाट पुन्हा काढत असेल, तर एस्केप चाकावर घाण किंवा वाकलेला दात शोधावा. लाट दर मिनिटाला येत असेल, तर सेकंदकाट्याचे चाक पाहावे. ते मिनिटाला एकदाच फिरते.

दोन्ही रेषा एकदम वर चढत असतील आणि घड्याळ शेकडो सेकंद पुढे पळत असेल, तर हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. कधी त्यांवर तेल सांडलेले असते, कधी घड्याळ स्पीकर किंवा मोटरजवळ ठेवल्याने चुंबकत्व आलेले असते. भातगिरणीत किंवा पंपाच्या मोटरीवर काम करणाऱ्या माणसाच्या घड्याळात हे पहिल्यांदा तपासावे. चुंबकत्व काढण्याचे यंत्र दोन सेकंदांत काम करते. तेल असेल तर हेअरस्प्रिंग धुवावी लागते. दोन्ही करूनही घड्याळ मोठ्या फरकाने पळत राहिले आणि रेग्युलेटर टोकाला जाऊनही पुरला नाही, तर कोणीतरी दुसऱ्या मशीनची हेअरस्प्रिंग किंवा बॅलन्स बसवलेला असण्याची शक्यता धरावी. सुटे भाग मिळेनासे झाल्यापासून दोन-तीन एचएमटी मिळून एक घड्याळ उभे करण्याची पद्धत सर्रास आहे.

ठिपके रेषेत न पडता विखुरलेले असतील, तर आधी घड्याळावर नव्हे, आजूबाजूला शंका घ्यावी. मायक्रोफोन आवाज नव्हे तर कंपन ऐकतो. एसटी स्टँडलगतच्या दुकानात बस उभी राहिली की पट्टी विस्कटते. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना मोजणे व्यर्थ. मायक्रोफोनखाली जाड फोमचा तुकडा ठेवला, त्याच टेबलावरचा पंखा बंद केला आणि घड्याळाची चावी मायक्रोफोनच्या धातूच्या टेकूला घट्ट लागली, की बहुतेक विखुरलेले ठिपके जुळून येतात. तरीही न जुळले, तर आवाजच अस्पष्ट आहे: लिव्हरचे खडे कोरडे आहेत, स्टाफचे टोक झिजले आहे किंवा पडल्याने वाकले आहे. ‘जनता’च्या डायलवर ‘पॅराशॉक’ लिहिलेले असते, म्हणजे बॅलन्सच्या खड्याला धक्का सोसणारी स्प्रिंग असते. पण बैलगाडीवरून किंवा दुचाकीवरून पडलेल्या घड्याळाला ती नेहमीच वाचवू शकत नाही. मोबाइलवरची अ‍ॅप घड्याळाचा वेग साधारण ठीक सांगतात. फोनच्या मायक्रोफोनवरून अ‍ॅम्प्लिट्यूडवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण पहिला हलका आवाज त्याला अनेकदा ऐकूच येत नाही.

यंत्राला काही गोष्टी कळतच नाहीत. झाकणाचा रबर गास्केट आकसला आहे का, चावीच्या नळीतून पाणी जाईल का, चावी ओढल्यावर काटे नीट सरकतात का, स्टेमवर गंज आहे का. पावसाळ्याआधी आलेले घड्याळ पट्टीवर कितीही छान दिसले तरी गास्केट बदलल्याशिवाय देऊ नये. आत शिरलेला ओलावा महिनाभरात तेलाची आणि पोलादी भागांची वाट लावतो, आणि तीच पट्टी ऑक्टोबरमध्ये वेगळी निघते. म्हणून दुरुस्तीनंतरची पट्टी फेकून न देता तारीख, मशीन, लिफ्ट अँगल आणि स्थिती लिहून गिऱ्हाइकाला द्यावी, आणि एक प्रत दुकानात ठेवावी. दोन वर्षांनी घड्याळ पुन्हा आले की पूर्ण चावीवरचा, डायल वर असतानाचा अ‍ॅम्प्लिट्यूड पहिल्याशी ताडावा. तो वीस-पंचवीस अंशांनी उतरला असेल आणि सेकंद ठीक असतील, तर थोडे थांबता येते. चाळीस-पन्नासने उतरला असेल, तर सेकंद कितीही चांगले दिसोत, सर्व्हिसिंगची वेळ आली आहे.